नाइट ड्यूटीची सिस्टर आणि सरकलेला दशांश : ही कथा लिहायची कशी

रात्रपाळीच्या नर्सला डोसमधली चूक औषध देण्याआधी सापडते, या विषयावरच्या बऱ्याचशा कथा एकाच वाक्यावर फसतात : ‘तिला काहीतरी खटकलं.’ काय खटकलं, कोणता आकडा कुठे जुळला नाही, हे लेखकालाच ठाऊक नसतं. मग पुढे तिला अंतर्ज्ञान द्यावं लागतं, डॉक्टरला उर्मट करावं लागतं आणि शेवटी आईला हात जोडून रडावं लागतं. ज्या वाचकाने वॉर्डात एक रात्र काढली आहे तो तिथेच पान उलटतो.

यावरचा उपाय लेखनशैलीत सापडत नाही, तो हिशेबात सापडतो. आधी औषध, वजन, मात्रा आणि मिलिलिटर कागदावर पक्के करायचे. घटना, पात्रं, संवाद त्यानंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. उदाहरणासाठी एकच कथा शेवटपर्यंत चालवली आहे : मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातला बालरोग वॉर्ड, बेड नंबर ७, आणि तिथलं ६ किलो वजनाचं पाच महिन्यांचं बाळ.

सावधान : इथले आकडे कथेच्या हिशेबासाठी आहेत. औषध देण्यासाठी यातला एकही वापरू नका.

## १. औषध निवडा : दहापट झालं तरी हातात साधंच दिसेल असं

दशांशचिन्ह एक घर सरकलं की मात्रा दहापट होते किंवा दहाव्या हिश्श्यावर येते. कथेला दहापट हवी. पण दहापट मात्रा हास्यास्पद दिसता कामा नये. बाळाला पॅरासिटॅमॉलच्या सिरपची दहापट मात्रा द्यायची झाली तर निम्मी-अधिक बाटली ओतावी लागेल. अशी चूक पकडायला प्रशिक्षित नर्स लागत नाही, मावशीसुद्धा विचारतील, ‘एवढं?’

दुसऱ्या टोकाला मॉर्फिनसारखं इंजेक्शन आहे. १ मिलिग्रॅम लिहिताना कुणी ‘१.०’ लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, तर ते १० वाचलं जातं, आणि १० मिलिग्रॅम म्हणजे नेमका एक अख्खा अँप्यूल. हाताला काहीच वेगळं जाणवत नाही. चांगली कथा यातूनही होईल, पण तिथे नर्सला अडवणारी गोष्ट तुम्हाला दुसरीकडून आणावी लागेल.

या दोन्हींच्या मधलं औषध डिगॉक्सिन. हृदयाला छिद्र असलेल्या आणि त्यामुळे हृदयावर ताण आलेल्या बाळांना ते दिलं जातं. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी, म्हणून वॉर्डातली प्रत्येक सिस्टर या औषधाला वचकून असते. आपला हिशेब असा :

- बाळाचं वजन ६ किलो. दिवसाला किलोमागे १० मायक्रोग्रॅम धरले तर दिवसाचे ६० मायक्रोग्रॅम.
- ते दोन वेळांत विभागून, म्हणजे एका वेळी ३० मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅममध्ये ०.०३.
- बाटलीतलं पातळ औषध १ मिलिलिटरला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे एका वेळी ०.६ मिलि.
- चुकलेला आकडा ०.३ मिलिग्रॅम. तो या बाटलीतून द्यायचा तर ६ मिलि.

०.६ मिलि म्हणजे १ मिलिच्या बारीक सिरिंजमध्ये निम्म्याहून थोडंच वर. ६ मिलि म्हणजे चमचाभर आणि थोडं वर. लहान मुलांची कितीतरी सिरपं साधारण एवढीच दिली जातात, म्हणून हा चमचा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. कथेचा सगळा ताण याच चमच्यात आहे.

तपासा : हिशेब स्वतः दोनदा करा, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने. ६ मिलि गुणिले ०.०५ म्हणजे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. दिवसातून दोनदा दिले तर ६००. भागिले ६ किलो, म्हणजे किलोमागे १००. आधी १० होते, आता १००. जुळलं.

इथे एक गल्लत वारंवार दिसते. मिलिग्रॅमच्या जागी मिलिलिटर वाचल्यामुळेही दहापट चूक होते, विशेषतः १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असलेल्या शिरेतल्या पॅरासिटॅमॉलमध्ये. पण ती एककाची चूक झाली. कथेत दशांशाची चूक म्हणून ती खपवू नका.

## २. टिंब सरकलं कसं, ते ठरवा

‘डॉक्टर थकले होते म्हणून चूक झाली’ एवढ्यावर भागत नाही. थकलेला माणूससुद्धा कुठल्यातरी विशिष्ट वाटेनेच चुकतो. वाटा मोजक्या आहेत. शून्य न लिहिता नुसतं ‘.३’ लिहिलं आणि टिंब कागदाच्या आखलेल्या रेघेत बुडालं, तर ते ३ होतं. पूर्णांकापुढे फुकटचं ‘.०’ जोडलं तर ३.० चे ३० होतात. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली ‘असं लिहू नका’ म्हणून जी यादी केली, तिच्यात या दोन्ही सवयी आहेत. टिंबाआधी शून्य हवंच, टिंबानंतर उगाच शून्य नको, हे आपल्याकडेही शिकवलं जातं.

आपल्या कथेसाठी तिसरी वाट घेऊ : एकक बदलताना झालेली चूक. जुन्या ट्रीटमेंट शीटवर ‘30 mcg’ लिहिलेलं होतं. ते शीट भरलं. रात्री साडेअकराला रेसिडेंट डॉक्टरने नवीन शीट लिहायला घेतलं. बाटलीवर मिलिग्रॅम छापलेलं असतं, सिस्टरना सोपं जावं म्हणून त्याने मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम केले. भागायचं होतं १००० ने, भागलं १०० ने. कागदावर सुवाच्य अक्षरात, टिंबाआधीच्या शून्यासकट उतरलं ‘0.3 mg’.

ही वाट घेण्याची दोन कारणं आहेत. अक्षर सुवाच्य असल्यामुळे ‘डॉक्टरांचं अक्षर’ हा घिसापिटा विनोद आपोआप टळतो. आणि चूक मदत करण्याच्या नादात झाल्यामुळे रेसिडेंटला खलनायक करायची सोय उरत नाही.

सावधान : महाराष्ट्रातल्या केसपेपरवर मात्रा इंग्रजी अंकांत आणि रोमन अक्षरांत लिहिली जाते. पात्राने कागदावर पाहिलेलं जसंच्या तसं दाखवायचं असेल तर तिथे ‘0.3 mg’ ठेवा. निवेदनात ‘०.३ मिलिग्रॅम’ चालेल.

## ३. रात्रीचं वेळापत्रक मांडा

बहुतेक लेखक ही घटना रात्री दोन-तीनला घडवतात, कारण ती वेळ लिहायला छान वाटते. पण ठरलेल्या वेळची औषधं तेव्हा क्वचितच असतात. दिवसातून दोनदाचं औषध म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, किंवा दोन्ही वेळी दहा. सकाळचे सहा घ्या. रात्रपाळीचा सगळ्यात गजबजलेला तास तोच असतो. टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घ्यायचं असतं, रक्ताचे नमुने पाठवायचे असतात, कुणाचं सलाइन संपत आलेलं असतं, इनटेक-आउटपुटची बेरीज बाकी असते आणि आठला ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, द्यायची असते. एवढ्या धांदलीत ती एका बाटलीपाशी थबकते, तेव्हा थबकण्याची किंमत वाचकाला समजते.

कथेची घड्याळपट्टी साधारण अशी आखा :

1. संध्याकाळी ६ : जुन्या शीटवरून ०.६ मिलि दिलेलं आहे. दुपारपाळीच्या सिस्टरची सही आहे.
2. रात्री ८ : आपली सिस्टर ओव्हर घेते. तेव्हा जुनंच शीट आहे.
3. रात्री ११.३० : नवीन शीट. त्याच वेळी दुसऱ्या बेडवर झटके आलेलं मूल दाखल होतं, त्यामुळे नवीन शीट तिने नीट वाचलेलं नाही.
4. सकाळी ५.४० : ती औषधांची ट्रॉली लावते.
5. सकाळी ५.५० : बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप.
6. सकाळी ६ : बाटली हातात.

तपासा : चुकीच्या शीटवरून एखादा डोस आधीच गेलेला नाही ना? या पट्टीत नवीन शीट आणि सकाळचे सहा यांच्यामध्ये दुसरी वेळ येत नाही, म्हणून कथा उभी राहते. शीट दुपारी चारला लिहिलं गेलं असं केलंत तर संध्याकाळी सहाचा डोस चुकीचाच गेलेला असणार, आणि मग ती वेगळी, फार गंभीर कथा झाली. हस्तलिखितांतलं सगळ्यात नेहमीचं भोक हेच.

## ४. नेहमीची तपासणी बरोबर निघू द्या

डिगॉक्सिन देण्याआधी नाडी मोजतात, आणि लहान बाळात ती मनगटावर मोजत नाहीत. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. तान्ह्या बाळात ते साधारण ९० ते ११० च्या खाली असले तर डोस थांबवून डॉक्टरला कळवायचं. नेमकी रेषा वॉर्डागणिक थोडी बदलते, म्हणून कथेत १०० धरा.

लेखक इथे हटकून एक चूक करतात : ठोके कमी दाखवतात आणि त्यातून नर्सला शंका येते. हे उलटं झालं. चुकीचा डोस अजून गेलाच नाही, तर ठोके कमी कशाने होतील? ठोके १३६ येऊ द्या. नियमाप्रमाणे डोस द्यायला हरकत नाही. म्हणजे वॉर्डाने शिकवलेली तपासणी पूर्ण झाली, बरोबर निघाली, आणि तरीही चूक जिथल्या तिथेच आहे. ही जागा वाचकाला नीट दिसायला हवी, घाई करू नका. सिस्टर आकडा शीटवर लिहिते, बाळाचं लंगोट सारखं करते, आईला ‘झोपू द्या अजून’ म्हणते आणि ट्रॉलीकडे वळते.

याच टप्प्यात धोका काय आहे तेही वाचकापर्यंत पोचवा, व्याख्यान न देता. डिगॉक्सिन जास्त झालं की बाळ ओकतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं, ठोके मंदावतात किंवा लय बिघडते. आता बेड ७ च्या आईने रात्री सिस्टरला काय सांगितलं होतं ते आठवा : ‘दूध ओढतच नाही नीट, दमतो.’ हृदयावर ताण असलेलं बाळ असंही असंच करतं. विषबाधेची सुरुवातीची लक्षणं मूळ आजारात बेमालूम मिसळतात, म्हणजे सहा मिलि गेले असते तर कितीतरी तास कुणाला संशयही आला नसता. आईचं ते एक वाक्य कथेत लवकर पेरून ठेवा. नंतर त्याचा अर्थ समजावत बसू नका.

## ५. थांबण्याचा क्षण : आधी हात, मग डोकं

कथेचा गाभा हाच. इथे ‘खटकलं’ हे क्रियापद वापरायचं नाही, असा स्वतःला नियम घाला. हातांचा क्रम लिहा.

ट्रेमध्ये तिने सवयीने १ मिलिची सिरिंज ठेवली आहे, कारण बेड ७ ला कालपर्यंत तीच लागत होती. शीटवर ०.३ मिलिग्रॅम. बाटलीवर १ मिलिला ०.०५. ती भागाकार करते, ६ येतात. ६ मिलि १ मिलिच्या सिरिंजमध्ये मावत नाहीत. ती मोठी सिरिंज घ्यायला ड्रॉवर उघडते. हात ड्रॉवरमध्ये असतानाच थांबतो.

तो का थांबतो? तर बेड ७ साठी हा ड्रॉवर आजवर कधी उघडावा लागला नव्हता म्हणून. एवढं कारण पुरेसं आहे, आणि ते खरं आहे. अनुभवी नर्सचं जे ‘अंतर्ज्ञान’ म्हणतात ते बहुतेक वेळा असंच असतं : हाताच्या नेहमीच्या क्रमात एक पायरी जास्तीची आली.

मग डोकं कामाला लागतं. तिला तीन गोष्टी पाहू द्या, याच क्रमाने.

पहिली, बाटली. ३० मिलिची आहे. एका वेळी ६ मिलि गेले तर पाच वेळांत रिकामी, म्हणजे अडीच दिवसांत. ०.६ ने ती पंचवीस दिवस पुरते. रविवारी उघडलेली बाटली आज बुधवारी जवळजवळ भरलेली आहे.

दुसरी, मोठ्या माणसांची गोळी. पुरुषांच्या वॉर्डात काम केलेल्या सिस्टरला ती पाठ असते : ०.२५ मिलिग्रॅम, आणि पुष्कळ रुग्णांना त्याचीही अर्धीच देतात. इथे सहा किलोच्या बाळाला एका वेळी ०.३. सगळा हिशेब डोक्यावरून गेलेल्या वाचकालाही ही तुलना ताबडतोब कळते, म्हणून हे वाक्य मोकळं, एकटं ठेवा.

तिसरी, जुनं शीट. ते केसपेपरच्या मागे टाचलेलं आहे. ‘30 mcg’.

सावधान : जुनं शीट शेवटी. ते आधी दाखवलंत तर उरतं फक्त ‘दोन कागद जुळत नाहीत’ एवढंच, आणि ते कारकुनाच्याही लक्षात आलं असतं. हिशेबाने आधी संशय पक्का होऊ द्या, कागदाने त्यावर नुसती सही करावी.

## ६. दुसऱ्या सिस्टरला विचारणं

आपल्याकडे रात्री वॉर्डात बऱ्याचदा एकच सिस्टर असते, म्हणून शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला दारापाशी बोलवा. प्रसंग चार ओळींचा, पण पद्धत बरोबर हवी. ‘हे बघ गं, सहा मिलि बरोबर आहे का?’ असं विचारलं की समोरची थकलेली बाई ‘हो’ म्हणून मोकळी होते. खरी तपासणी म्हणजे उत्तर न सांगता प्रश्न देणं :

‘सहा किलो. दिवसाला किलोमागे दहा मायक्रो. दोन वेळा. बाटली पॉइंट झिरो फाइव्हची. किती काढशील?’

ती भिंतीला टेकून बोटांवर मोजते. ‘पॉइंट सिक्स मिलि.’

‘बघ मग.’ आणि शीट पुढे.

## ७. डॉक्टरला फोन

इथे दोन मोह होतात. पहिला, सिस्टरने स्वतःच आकडा दुरुस्त करून ०.६ मिलि देऊन टाकणं. तसं ती करणार नाही. उत्तर तिला माहीत असलं तरी मात्रा बदलण्याचा अधिकार तिचा नाही. डोस थांबवण्याचा आहे, आणि तेवढाच ती वापरते. दुसरा मोह भांडणाचा. पहाटे सहाला उठवलेला रेसिडेंट चिडचिडा असेल, पण ‘तुम्ही मला शिकवणार?’ हा संवाद इतक्यांदा लिहिला गेलाय की त्याने आता कुणी दचकत नाही.

ताण खुद्द आकड्यांच्या उच्चारात आहे. ‘झिरो पॉइंट थ्री’ आणि ‘पॉइंट झिरो थ्री’ फोनवर अर्धवट झोपेत जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्याचाच वापर करा :

‘सर, पीडियाट्रिकमधून बोलतेय. बेड सात, डिगॉक्सिन. नवीन शीटवर झिरो पॉइंट थ्री मिलिग्रॅम आहे.’

‘हो, बरोबर. पॉइंट झिरो थ्री.’

‘नाही सर. शीटवर पॉइंट थ्री आहे.’

‘तेच म्हणतोय ना मी.’

‘सर, मायक्रोग्रॅममध्ये सांगा. तीस की तीनशे?’

पलीकडे गादीची कुरकुर. मग, ‘तीस. तीस. दिलं नाही ना?’

‘नाही. थांबवलंय.’

‘आलो.’

तिने एकक बदलून विचारलं आणि टिंब वाक्यातूनच काढून टाकलं, हा तिचा कसबी भाग. लेखकाने त्यावर टिप्पणी करायची गरज नाही. संबोधनंही सांभाळा. वीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर पंचविशीतल्या रेसिडेंटला ‘सर’ किंवा ‘डॉक्टर’च म्हणेल, तो तिला ‘सिस्टर’. नावाने हाक मारली की वॉर्ड सिनेमातला वाटू लागतो.

## ८. कागद सरळ करणं

यानंतरची दहा मिनिटं लेखक गाळतात, आणि वॉर्डाची खरी चव त्यांतच असते. रेसिडेंट येतो. चुकलेल्या नोंदीवर एक आडवी रेघ, अशी की खालचं वाचता येईल. खोडून काळं करत नाहीत, व्हाइटनर तर नाहीच. बाजूला सही, तारीख, वेळ. खाली नवीन ओळ : ‘30 mcg (0.6 ml)’. सिस्टर आपल्या नोंदीत लिहिते की सहाचा डोस थांबवला, अमुक वाजता डॉक्टरना कळवलं, ६.२५ ला सुधारित मात्रा दिली. मग तीच १ मिलिची सिरिंज, गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू.

रुग्णालयात अशा घटनांची नोंद करायचा फॉर्म असेल तर तो आपल्या कथेत कुठे आहे ते ठरवा : इनचार्ज सिस्टरच्या कपाटात कुलपात, की ट्रॉलीवर हाताशी. पहाटे सहाला कुलूपबंद फॉर्म कुणी भरत नाही. तुमचं रुग्णालय कसं आहे हे या एका तपशिलातून कळतं, स्वतंत्र परिच्छेद लागत नाही.

आईला काय सांगायचं, हा प्रश्न मोकळा ठेवलात तरी चालेल. काही वॉर्डांत सांगतात, पुष्कळ ठिकाणी बाळापर्यंत काहीच पोचलं नाही म्हणून सांगत नाहीत. आईला सगळं कळून तिने पाय धरण्यापेक्षा, ‘आज औषधाला उशीर झाला का?’ एवढंच तिने विचारणं मला जास्त खरं वाटतं. ‘थोडा,’ सिस्टर म्हणते आणि बेड ८ कडे जाते. आठ वाजता ओव्हर देताना ती बेड ७ ला किती वाक्यं देते, तिथे कथा संपवा. माझ्या मते दोन पुरतात, आणि त्यातलं एक दुधाबद्दल असावं.

## ९. छापण्याआधी

कच्चा खर्डा झाला की बालरोग वॉर्डात काम केलेल्या नर्सला वाचायला द्या. ‘कशी वाटली’ विचारू नका, लोक भिडेखातर छान म्हणतात. फक्त तीन प्रश्न विचारा : हा डोस तुम्ही या वेळी काढाल का, या सिरिंजमध्ये काढाल का, आणि थांबवल्यावर आधी कोणाला सांगाल?

त्यानंतर मुद्रितं. दशांशाच्या कथेत छपाईतच दशांश उडतो, हे दिवाळी अंकाच्या घाईत सहज घडतं. फाँट बदलताना टिंब गळतं, त्याच्या जागी पूर्णविराम आणि मोकळी जागा येते, किंवा ‘०.’ ओळीच्या शेवटी राहून ‘०३’ खालच्या ओळीत जातं. शुद्धलेखन तपासणारा माणूस आकडे वाचत नाही, तो शब्द वाचतो. म्हणून कथेतले सगळे आकडे क्रमाने एका कागदावर उतरवा : ६, ३०, ०.०३, ०.०५, ०.६, ०.३, ६, ०.२५. पानं हातात आली की मजकूर बाजूला ठेवून फक्त हे आकडे बोटाने शोधत जा, प्रत्येकापुढे एकक आहे ना ते पाहा, आणि ०.०३ व ०.३ जिथे जिथे येतात तिथे संपादकांना समासात लिहून कळवा की हा आकडा हेतुपुरस्सर असाच आहे, नाहीतर कुणीतरी सद्हेतूने दोन्ही सारखे करून टाकेल.